नऊ महिने आणि सात दिवस

‘नऊ महिने नऊ दिवस पोटात वाढवलं’ असं आपल्याकडे आई म्हणते. दवाखान्यातला हिशेब याच्या अगदी जवळचा आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात सात दिवस मिळवायचे, तीन महिने मागे जायचं आणि वर्ष पुढचं धरायचं. या रीतीला ‘नेगेलेचा नियम’ म्हणतात. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ कार्ल नेगेले (१७७८–१८५१) यांचं नाव तिला मिळालं.

उदाहरण घेऊ. नर्सबाई विचारतात, “शेवटची पाळी कधी आली होती?” तारीख आठवत नाही, पण बाई सांगते, “गौरी आल्या त्या दिवशी. मला बाजूलाच बसावं लागलं होतं.” सणाची खूण पक्की असते. कॅलेंडर काढलं की २०२५ मधलं गौरी आवाहन ३१ ऑगस्टला सापडतं. ३१ ऑगस्टमध्ये सात दिवस मिळवले की ७ सप्टेंबर. तीन महिने मागे गेलं की ७ जून. वर्ष पुढचं, म्हणून ७ जून २०२६. दिवस मोजून पाहिले तर बरोबर २८० भरतात, म्हणजे ४० आठवडे. महिने लहानमोठे असल्यामुळे काही तारखांना एक ते तीन दिवसांचा फरक पडतो, त्याने बिघडत काही नाही.

आता मोजणी पाळीपासून का, हा प्रश्न येतो. गर्भ राहतो तो स्त्रीबीज बाहेर पडल्यावर, आणि तो दिवस बाईला सहसा कळत नाही. पाळीचा पहिला दिवस मात्र कळतो. पाळी २८ दिवसांची असेल तर बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटतं, असं नियम गृहीत धरतो. म्हणजे ४० आठवड्यांतल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच. हे घरच्यांनी नीट समजून घ्यायला हवं. नवरा परगावाहून येऊन चारच आठवडे झाले आणि कागदावर ‘सहा आठवडे’ लिहिलं, म्हणून काही घरांत नको त्या शंका निघतात. ते वरचे दोन आठवडे मोजण्याच्या रीतीतून आलेले असतात.

पाळी २८ दिवसांची नसेल तर तारीख तेवढीच सरकवावी लागते. वरच्या बाईची पाळी नेहमी ३५ दिवसांनी येत असेल तर बीज सात दिवस उशिरा सुटलेलं असणार, म्हणून तारीख १४ जून. पाळी २४ दिवसांची असेल तर चार दिवस आधी, ३ जून.

चूक बहुतेक वेळा सुरुवातीच्या तारखेतच होते. काही जणी पाळी ‘चुकली’ ती तारीख सांगतात, आणि हिशेब महिनाभर पुढे जातो. गर्भ राहिल्यावर कधी थोडंसं रक्त दिसतं, ते पाळी समजलं जातं. पाळी अनियमित असेल, अंगावर पाजताना दिवस गेले असतील किंवा गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील, तर चौदाव्या दिवसाचं गृहीतकच डळमळतं.

अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी कामी येते. त्या काळात सगळे गर्भ जवळपास सारख्या वेगाने वाढतात, त्यामुळे डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून वय कळतं. आपल्या उदाहरणात १६ नोव्हेंबरला पाळीच्या हिशेबाने ११ आठवडे पुरे होतात. समजा, सोनोग्राफीत ९ आठवडे ५ दिवस निघाले. फरक नऊ दिवसांचा. नऊ ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान फरक सात दिवसांहून जास्त असेल तर सोनोग्राफीची तारीख धरतात. म्हणून ही तारीख १६ जून होईल. फरक तीन-चार दिवसांचाच असता, तर ७ जून कायम राहिली असती.

एकदा ठरलेली तारीख पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीनंतर बदलायची नसते. आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर वेगळी तारीख दिसली की घरचे गोंधळतात. पण तोवर एखादं बाळ अंगाने भरलेलं, एखादं बारीक असतं. यंत्र तो आकार मोजतं आणि त्यावरून तारीख काढतं. आकार फारच कमी दिसला तर वाढ नीट होते आहे ना, हे डॉक्टर तपासतात. त्यासाठीही मूळ तारीख पक्की असावी लागते.

नेमक्या दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं साधारण विसात एक. म्हणून ७ जून कायम राहिली असेल, तरी तिच्याकडे डोळे लावून न बसता तिच्या दोन्ही बाजू कॅलेंडरवर मांडाव्यात. १७ मेला ३७ आठवडे पुरे होतात, त्याआधी कळा सुरू झाल्या तर प्रसूती वेळेआधीची समजतात आणि लगेच दवाखाना गाठायचा. १४ जूनला ४१ आठवडे होतात, तोवर कळा आल्या नाहीत तर पुढे काय करायचं हे डॉक्टरांशी ठरवायचं. २१ जूनला ४२ आठवडे भरतात, त्यापलीकडे नुसती वाट पाहणं बाळासाठी धोक्याचं.