भाडे कमी झाले, मुदत वाढली: हिशोबात नेमके काय बदलते?

पुण्यात एका कंपनीने कपड्यांच्या दुकानासाठी जागा भाड्याने घेतली आहे, असे समजू. करार १ एप्रिल २०१९ पासून आठ वर्षांचा, भाडे वर्षाला २४ लाख रुपये. हिशोब सोपा राहावा म्हणून भाडे वर्षाअखेरीस एकरकमी देतात असे धरू. कंपनी तेव्हा बँकेकडून जागा वापरण्याच्या हक्काइतक्याच मोलाच्या मालमत्तेसाठी, तेवढ्याच मुदतीचे कर्ज घेती, तर ते ९ टक्के व्याजाने मिळाले असते.

चार वर्षांनी, ३१ मार्च २०२३ ला, कंपनी जागामालकाकडे भाडेकपात मागते. मालक तयार होतो आणि भाडे २० लाखांवर येते. कदाचित तो एक अट घालतो: भाडे कमी करतो, पण आणखी दोन वर्षे जागा सोडायची नाही. अशा वाटाघाटी कोविडनंतर मॉलपासून गोदामांपर्यंत सगळीकडे झाल्या. व्यवहार दोघांच्याही सोयीचा असतो. घोळ होतो तो वह्यांमध्ये, आणि त्यामागे काही पक्के गैरसमज असतात.

ते दूर करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट हवी. शेअर बाजारात नोंदलेल्या बहुतेक कंपन्यांना, तसेच नोंद नसलेल्या पण किमान २५० कोटी रुपये नक्त मूल्य असलेल्या कंपन्यांना इंड एएस मानके लागू आहेत. त्यातले ११६ क्रमांकाचे मानक १ एप्रिल २०१९ पासून भाडेकरारांना लागते. त्यानुसार भाडेकरू कंपनी भाडे नुसते खर्चात टाकत नाही. पुढच्या सगळ्या भाड्यांची आजची किंमत काढून ती देणे म्हणून दाखवते आणि जागा वापरण्याचा हक्क मालमत्ता म्हणून दाखवते. मग मालमत्तेवर घसारा आणि देण्यावर व्याज, असे दोन खर्च दरवर्षी नफा-तोटा पत्रकात येतात. करार ‘लीज’ म्हणून झाला की ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणून, यावर हे ठरत नाही. जागा वापरण्याचा आणि त्या वापरावरच्या नियंत्रणाचा हक्क कुणाकडे आहे, यावर ठरते.

आपल्या दुकानाचे सुरुवातीचे देणे आणि मालमत्ता दोन्ही १३२.८४ लाख येतात. चार वर्षांनंतर घसारा वजा जाता मालमत्ता ६६.४२ लाख उरते आणि देणे ७७.७५ लाख. मालमत्ता दरवर्षी सारख्या रकमेने घटते, देणे मात्र सुरुवातीला हळू आणि शेवटी भरभर फिटते. म्हणून मधल्या काळात देणे जास्त दिसते. या दोन आकड्यांवर पुढचे सगळे उभे आहे.

गैरसमज: भाडे कमी झाले, म्हणजे तेवढा नफा लगेच दाखवता येतो.

वस्तुस्थिती: भाडेकपातीने देणे घटते, पण तो फरक नफ्यात जात नाही. तो वापरहक्काच्या मालमत्तेतून वजा होतो.

मालकाने मुदतीची अट घातली नाही आणि नुसते भाडे २० लाख केले, असे धरा. बदलाच्या दिवशी कंपनीला कर्ज १० टक्क्यांनी मिळते, असेही धरा. उरलेल्या चार वर्षांच्या भाड्याची किंमत या नव्या दराने ६३.४० लाख येते. देणे १४.३६ लाखांनी कमी झाले, म्हणून मालमत्ताही तेवढीच कमी करून ५२.०६ लाख करायची. त्या दिवशी नफा-तोटा पत्रकात शून्य.

मग फायदा गेला कुठे? तो पुढच्या चार वर्षांत पसरला. आधी त्या चार वर्षांचा घसारा आणि व्याज मिळून सुमारे ८४.६७ लाख खर्च होणार होता. आता तो सुमारे ६८.६७ लाख होईल. फरक बरोबर १६ लाख, म्हणजे वर्षाला चार लाखांची कपात गुणिले चार वर्षे. कंपनीला जे मिळाले ते सगळे खर्चाच्या आकड्यांत उतरते, फक्त ज्या वर्षांत जागा वापरली जाते त्याच वर्षांत उतरते.

नफा किंवा तोटा लगेच येतो तो वेगळ्या प्रसंगी: कराराची व्याप्ती घटते तेव्हा. कंपनीने अर्धी जागा मालकाला परत दिली आणि भाडेही निम्मे झाले, तर निम्मी मालमत्ता, म्हणजे ३३.२१ लाख, वहीतून जाते. त्याबरोबर निम्मे देणे, ३८.८८ लाख, जाते. या दोन्हींतला ५.६७ लाखांचा फरक त्याच वर्षाचा नफा होतो. उरलेल्या अर्ध्या जागेचे देणे नव्या दराने पुन्हा मोजतात आणि त्यातला फरक मात्र मालमत्तेत जातो. मुदत आधीच आटोपती घेतली तरी ती व्याप्तीतली घटच असते. भाडे कमी होणे ही व्याप्तीतली घट नाही. जागा तीच आहे, तेवढीच आहे, तेवढाच काळ आहे. कमी झाली ती फक्त किंमत.

गैरसमज: मुदत वाढली की वाढीव वर्षांचा वेगळा, नवा करार धरायचा.

वस्तुस्थिती: वेगळा करार धरण्यासाठी दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. एक, आणखी एखादी वेगळी जागा किंवा मालमत्ता वापरायला मिळाली पाहिजे. दोन, तिचे भाडे बाजारभावाशी जुळणारे असले पाहिजे. शेजारचा गाळा बाजारभावाने घेतला, तर त्याचा वेगळा करार होतो. तोच गाळा आणखी दोन वर्षे मिळाला, तर होत नाही. म्हणून मुदतवाढ जुन्या करारातच मिसळते आणि सगळे देणे नव्याने मोजावे लागते.

आपल्या दुकानाला भाडेकपात आणि दोन वर्षांची वाढ असे दोन्ही मिळाले, तर आता सहा वर्षांचे, वर्षाला २० लाख भाडे उरते. १० टक्के दराने त्याची किंमत ८७.११ लाख. जुने देणे ७७.७५ लाख होते. भाडे कमी होऊनही देणे ९.३५ लाखांनी वाढले! अनेक संचालक मंडळांना हे पटत नाही, पण कंपनीने दोन जास्तीची वर्षे स्वतःवर बांधून घेतली आहेत, हे त्याचे साधे कारण. नोंदही सरळ आहे: मालमत्ता खात्याला ९.३५ लाख नावे, भाडे देणे खात्याला तेवढेच जमा. मालमत्ता ७५.७७ लाख होते आणि तिचा घसारा आता सहा वर्षांवर पसरतो.

एक फरक इथे लक्षात ठेवावा. मूळ करारातच मुदत वाढवण्याचा पर्याय लिहिलेला असेल आणि कंपनी तो वापरायचे ठरवेल, तर तो करारातला बदल नसतो. तसेच भाडे विक्रीशी किंवा महागाई निर्देशांकाशी जोडलेले असून त्यामुळे ते कमी झाले, तरी बदल नसतो. करार जसा लिहिला तसाच चालला. त्यासाठी मानकात वेगळे नियम आहेत. म्हणून आधी मूळ करार उघडून वाचायचा, मग आकडेमोड करायची.

गैरसमज: व्याजदर सुरुवातीला ठरला, तोच शेवटपर्यंत चालतो.

वस्तुस्थिती: करारात बदल झाला की बदलाच्या दिवशीचा दर घ्यावा लागतो. करारात दडलेला दर सहज काढता येत असेल तर तो, नाहीतर उरलेल्या मुदतीसाठी कंपनीला त्या दिवशी ज्या दराने कर्ज मिळाले असते तो. वरच्या उदाहरणात जुनाच ९ टक्के दर लावला, तर देणे ८७.११ ऐवजी ८९.७२ लाख येते. एका दुकानात अडीच लाखांहून जास्त चूक. शंभर दुकाने असणाऱ्या साखळीत ती ताळेबंदात ठळक दिसते. ऑडिटर बहुतेकदा पहिला प्रश्न विचारतात तो याच दराविषयी: तो कुठून आणला, आणि बँकेचा कोणता कागद त्याला आधार आहे?

गैरसमज: नवे भाडे ज्या महिन्यापासून सुरू होते, त्या महिन्यापासून हिशोब बदलायचा.

वस्तुस्थिती: दोन्ही पक्ष ज्या दिवशी बदलाला राजी होतात, तो दिवस धरायचा. समजा १५ जानेवारीला दोघांनी सही केली आणि कमी भाडे १ एप्रिलपासून लागणार आहे. देणे तरीही १५ जानेवारीलाच मोजायचे, मार्चपर्यंतचे जुने भाडे आणि पुढचे नवे भाडे असे दोन्ही धरून. मुदतवाढीत ही चूक जास्त होते, कारण वाढीव काळ वर्षा-दोन वर्षांनी सुरू होणार असतो आणि तोवर नोंद थांबवून ठेवली जाते. ३१ मार्चच्या आत सही झाली आणि नोंद पुढच्या वर्षी केली, तर दोन्ही वर्षांचे ताळेबंद चुकतात. उलट, नुसती बोलणी चालू आहेत, ईमेल येत-जात आहेत, पण मालकाने होकार दिलेला नाही, तोपर्यंत काहीच बदलायचे नाही. मागच्या वर्षांचे आकडेही बदलावे लागत नाहीत. परिणाम पुढच्या काळावरच होतो.

गैरसमज: कोविडमध्ये भाडेमाफी थेट नफ्यात घेतली होती, तशी आताही घेता येते.

वस्तुस्थिती: ती मर्यादित सवलत होती. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २४ जुलै २०२० च्या अधिसूचनेने ती दिली. कोविडमुळेच मिळालेली भाडेकपात ही करारातला बदल न मानता हिशोबात घेण्याची मुभा त्यातून भाडेकरूला मिळाली आणि त्यामुळे माफ झालेली रक्कम थेट नफा-तोटा पत्रकात आली. अटी तीन होत्या. एकूण भाडे आधीइतके किंवा कमी असावे. कपात ३० जून २०२१ पर्यंत देय असलेल्या भाड्याचीच असावी. आणि करारातल्या इतर अटींत मोठा बदल नसावा. मुदत नंतर ३० जून २०२२ पर्यंत वाढवली. त्यानंतरच्या भाड्यावरच्या कपातीला ती लागू नाही. कपातीच्या बदल्यात दोन वर्षांची मुदतवाढ घेतलेल्या आपल्या दुकानासारख्या व्यवहारात तर तेव्हाही तिसरी अट अडली असती. तरीही काही कंपन्यांच्या एक्सेल शीटमध्ये त्या काळातला हिशोब तसाच राहिला आहे आणि नवी भाडेकपात त्याच रकान्यातून नफ्यात जाते. हिशोब तपासणाऱ्याने इतर उत्पन्नात ‘भाडेमाफी’ अशी ओळ दिसली की थांबून विचारावे.

जागामालकाचा हिशोब वेगळा चालतो. त्याने जागा साध्या भाड्याने दिली असेल, तर बदलाच्या दिवसापासून तो करार नवाच धरला जातो आणि आधीचे आगाऊ किंवा बाकी भाडे नव्या करारात धरून उत्पन्न उरलेल्या मुदतीवर पसरते. भाडेकरूचे नियम मालकाला किंवा मालकाचे भाडेकरूला लावू नयेत.

वर्षअखेरीच्या आधी लेखा विभागाने प्रत्येक दुकानाच्या फाइलमधून तीन गोष्टी काढून ठेवाव्यात: बदलावर दोघांची सही झाली तो दिवस, त्या दिवशीचा कर्जाचा दर, आणि बदल मूळ करारात आधीच लिहिलेला होता की नव्याने ठरला. ही माहिती भाड्याच्या वाटाघाटी करणाऱ्या माणसांकडे असते आणि ती हिशोब लिहिणाऱ्यांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. वाटाघाटी संपताच सहीच्या कागदाची प्रत लेखा विभागाकडे पाठवा.