विश्लेषण : संत्राबागेतला ‘हाव जी’ म्हणजे होकारच का?

वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाटची ओळख संत्र्याच्या कलमांची. इथली रोपे दूरदूरच्या बागांत जातात. भारत-इस्रायल कृषी प्रकल्पातून नागपूरच्या कृषी महाविद्यालयात लिंबूवर्गीय फळांचे गुणवत्ता केंद्र उभे राहिले आणि गादीवाफा, ठिबक व दाट लागवड यांची चर्चा वऱ्हाडातील बागांतही सुरू झाली. अशा प्रकल्पात तंत्रासोबत बोलण्याच्या दोन रीतीही समोरासमोर येतात.

नेमके कुठे बिनसते?

एक उदाहरण घेऊ. परदेशी तज्ज्ञ बागेत येतात आणि पन्नास शेतकऱ्यांसमोर सांगतात, ‘‘तुमचे अंतर चुकीचे आहे. सहा बाय सहाऐवजी सहा बाय तीन मीटर ठेवा. गादीवाफा करा, ठिबकने रोज पाणी द्या.’’ हेक्टरी २७७ झाडांची ५५५ होतात, हिशेब सरळ आहे. गावातले ज्येष्ठ बागायतदार म्हणतात, ‘‘हाव जी, पाहू नं.’’ बाकीचे गप्प. तज्ज्ञ वहीत लिहितात : सर्वांना मान्य.

प्रत्यक्षात कोणालाच पटलेले नसते. झाडे तीन मीटरवर आली की उभी-आडवी वखरणी बंद होते, वखर एकाच दिशेने चालतो. वीज रात्रीची, तीही भरवशाची नाही. सर्वात मोठी अडचण ताणाची. आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडावे लागते, जमिनीप्रमाणे महिना-दोन महिने. इस्रायलमध्ये हिवाळा थंड असतो आणि पाऊसही त्याच दिवसांत पडतो, त्यामुळे झाडाला विश्रांती थंडीच देते. ‘रोज पाणी’ म्हणताना ताण हा शब्द तज्ज्ञांच्या मनातही नसतो. जानेवारीत ते पुन्हा येतात तेव्हा पाने मलूल आणि ठिबक बंद. त्यांना वाटते, या लोकांनी शब्द फिरवला. बागायतदाराला वाटते, आपण शब्द दिलाच कुठे होता?

तज्ज्ञ उद्धट, शेतकरी लबाड?

दोन्ही चूक. हिब्रू बोलीत तोंडावर स्पष्ट बोलण्याला ‘दुग्री’ म्हणतात. संवादाच्या अभ्यासक तमार कात्रिएल यांनी १९८६ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. समोरच्याला बरोबरीचा मानतो म्हणून मी आडपडदा ठेवत नाही, असा त्यामागचा भाव. वऱ्हाडात चारचौघांत पाहुण्याला खोडून काढणे म्हणजे त्याचा पाणउतारा. म्हणून ‘पाहू नं’ हा इथला सभ्य नकार आहे आणि वऱ्हाडी माणसाला तो अचूक ऐकू येतो. शिवाय मोठे बोलून झाल्यावर लहानाने तोंड उघडायचे नसते. डच संशोधक गिर्ट हॉफस्टेड यांच्या अधिकार-अंतर निर्देशांकात भारताचे गुण ७७, तर इस्रायलचे १३ आहेत. आकडा देशाची सरासरी सांगतो. वऱ्हाडातही तोंडावर सुनावणारे कमी नाहीत, पण ते बहुधा पारावर, पाहुणा गेल्यावर.

अशा होकाराची किंमत किती?

२५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या एव्हियान्का कंपनीचे विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळले. १५८ पैकी ७३ जण दगावले. पहिला उतरण्याचा प्रयत्न फसल्यावर नियंत्रकाने आणखी एक फेरी सांगितली आणि इंधनाला चालेल ना, असे विचारले. सहवैमानिकाचे उत्तर होते : चालेल बहुतेक, धन्यवाद. इंधन संपत असल्याचे त्याने सांगितले होते, पण ‘आणीबाणी’ हा ठरलेला शब्द उच्चारला नाही. सगळा दोष संस्कृतीला देणे घाईचे ठरेल. खराब हवामान, दीर्घ ताटकळणे आणि परकी भाषाही होती. तरी गुळमुळीत होकार ऐकणाऱ्याला खरा वाटला, एवढे उघड आहे.

दुवा कोणी आणि कसा जोडायचा?

हे काम दोन्ही बाजू जाणणाऱ्या प्रकल्पप्रमुखाचे. ‘समजले का?’ हा प्रश्न त्याने टाकून द्यावा, कारण त्याचे उत्तर ‘हाव’ हेच येणार. त्याऐवजी विचारावे : पाणी किती वाजता सोडाल? वीज नसेल त्या दिवशी काय कराल? डिसेंबरात काय? तिसऱ्या प्रश्नाला ताणाचा विषय आपोआप निघतो. सभेआधी तीन-चार बागांत स्वतंत्र जाऊन आक्षेप गोळा करावेत आणि ‘गावाचे प्रश्न’ म्हणून मांडावेत. मग कोणा एकाने पाहुण्याला विरोध केला असे दिसत नाही. तरुणांना आधी बोलते करावे आणि ज्येष्ठांना शेवटचा शब्द द्यावा, नाहीतर मान राखण्याच्या नादात माहिती हरवते. तज्ज्ञांनाही आधीच सांगावे की ‘पाहू’ ऐकले की थांबून कारण विचारायचे.

दुभाष्यावर मात्र लक्ष हवे. तज्ज्ञांचे ‘चूक आहे’ तो ‘असेही करून बघा’ असे गोड करून सांगतो आणि शेतकऱ्याचे ‘पाहू’ सरळ ‘यस’ करून टाकतो. वाद टळतो, पण बागेत काय चालले आहे ते कोणालाच कळत नाही. म्हणून ठरलेली गोष्ट झाडाजवळ उभे राहून शेतकऱ्याच्याच तोंडून पुन्हा सांगून घ्यावी : किती तास पाणी, कोणत्या तारखेला बंद, कोणत्या तारखेला सुरू.

रात्रीच्या विजेचा प्रश्न त्यातूनही सुटत नाही. पण तो पाणी देण्याच्या वेळापत्रकात लिहिला जातो आणि तज्ज्ञ पुढच्या खेपेला त्यावरूनच सुरुवात करतात.