मुलाचं खातं, पालकांची सही

शाळेतल्या स्पर्धेत मुलीला बक्षिसाचा धनादेश मिळतो, किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात विद्यार्थ्याच्या नावाचा खाते क्रमांक मागतात, आणि घरात पहिल्यांदा मुलांच्या बँक खात्याचा विषय निघतो. खातं उघडणं तसं सोपं असतं. मुलाचा जन्मदाखला, आधार आणि फोटो, आईचं किंवा वडिलांचं आधार व पॅन आणि एक अर्ज एवढ्यावर काम होतं. मात्र जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. एकावर ‘सई सुनील’ आणि दुसऱ्यावर नुसतं ‘सई’ असेल, तर अर्ज तिथेच अडतो. म्हणून बँकेत जाण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत.

खरा प्रश्न सहीचा असतो. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला आपल्या कायद्याने करार करता येत नाही, आणि बँक खातं हा करारच आहे. म्हणून खातं मुलाच्या नावावर असलं तरी त्याच्या वतीने पालक सही करतो. नमुना सहीच्या कार्डावर सही पालकाची असते. पैसे काढण्याच्या स्लिपवरही तो पालक या नात्यानेच सही करतो. पैसे मात्र मुलाचे असतात. आपणच भरलेले पैसे ‘आपलेच’ आहेत असं आईवडिलांना वाटणं साहजिक आहे, पण मुलाच्या खात्यात टाकलेली रक्कम मुलाची होते. पालकाने ती त्याच्या हितासाठी वापरायची असते. बँक मात्र प्रत्येक व्यवहारामागचं कारण तपासत बसत नाही. त्यामुळे बापाने दुकानाची उधारी या खात्यातून भागवली, तर ते सहसा तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे मुलाने हिशेब मागितला, की ते पासबुकात दिसतंच.

हा पालक कोण, यावरून बराच काळ वाद होता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा. त्यात मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असा क्रम आहे. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन आणि त्यांच्या पतीने अज्ञान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं. पालक म्हणून आईच सही करेल, हे दोघांनी मिळून अर्जातच लिहून दिलं होतं. तरी बँकेने अर्ज परत केला. वडिलांची सही आणा, नाहीतर आईला पालक ठरवणारा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणा, असं तिचं म्हणणं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असं नव्हे, तर वडिलांच्या अनुपस्थितीतही, असा अर्थ न्यायालयाने १९९९ साली लावला. वडील परगावी असतील, मुलाकडे लक्ष देत नसतील, किंवा दोघांनी मिळून आईवर जबाबदारी सोपवली असेल, तरी आई पालक ठरू शकते.

साध्या ठेवखात्यांपुरती तर ही मोकळीक त्याआधीपासूनच होती. आईला पालक म्हणून मुलाचं खातं उघडू द्यावं, असं रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच बँकांना कळवलं होतं. तेव्हा आज एखाद्या शाखेत ‘वडिलांना घेऊन या’ असं सांगितलं, तर आईने शाखाधिकाऱ्याला शांतपणे नियम दाखवायला सांगावं.

आजी-आजोबा, काका, मामा यांचं तसं नाही. नात खांद्यावर वाढली तरी आजोबा तिचे नैसर्गिक पालक होत नाहीत. ते खात्यात पैसे भरू शकतात. पालक म्हणून सही करायची असेल, तर साधारणपणे न्यायालयाकडून नेमणूक लागते. दोन्ही पालक नसलेल्या मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकांनी हे काम लवकर हाती घ्यावं, कारण निकाल लागायला वेळ जातो आणि तोवर मुलाचे पैसे अडकून राहतात.

मुलाला दहा वर्षं पूर्ण झाली, की आणखी एक दार उघडतं. दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतःच्या सहीने बचत किंवा मुदतठेव खातं उघडू आणि चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिने हे नियम नव्याने एकत्र करून सांगितले. रकमेची मर्यादा, एटीएम कार्ड, धनादेश पुस्तिका यांचं ज्या त्या बँकेने आपल्या धोरणानुसार ठरवायचं आहे, म्हणून दोन बँकांत वेगवेगळं उत्तर मिळेल. एक गोष्ट सगळीकडे सारखी: मुलाच्या खात्यातून शिलकीपेक्षा जास्त पैसे निघता कामा नयेत. त्याच्याशी उधारीचा करार होऊ शकत नाही, हे त्यामागचं कारण.

कर वाचवायला मुलीच्या नावावर ठेव ठेवणारेही बरेच. समजा, आईने मुलीच्या नावे दोन लाखांची ठेव ठेवली आणि वर्षाला सात टक्क्यांनी चौदा हजार रुपये व्याज आलं. हे व्याज आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. जुन्या करपद्धतीत एका मुलामागे १,५०० रुपयांची सूट आहे, म्हणजे साडेबारा हजारांवर कर लागेल. नव्या पद्धतीत ती सूटही नाही. मुलीने स्वतःच्या कलेवर किंवा कष्टावर काही मिळवलं, एखाद्या मालिकेत काम केलं, तर मात्र ते उत्पन्न तिचं स्वतःचं धरतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो अठराव्या वाढदिवशी. तो दिवस उजाडताच मुलगी कायद्याने सज्ञान होते आणि पालकाच्या सहीचा अधिकार संपतो. बँका आधी पत्र किंवा संदेश पाठवतात, पण तो आईच्या जुन्या नंबरवर जातो आणि वाचायचा राहतो. मग बारावीनंतर प्रवेशाची फी भरायला आई स्लिप घेऊन जाते, तेव्हा काउंटरवर कळतं की तिच्या सहीने आता पैसे निघणार नाहीत.

उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. मुलीने स्वतः शाखेत जाऊन सज्ञान झाल्याचा अर्ज, नवा फोटो, आधार व पॅन आणि आपल्या सहीचा नमुना द्यायचा. खातं आजवर पालक चालवत असेल, तर पालकाने शिल्लक मान्य करायची. त्याच खेपेला मोबाइल नंबर बदलून घ्यावा, नाहीतर खातं मुलीचं आणि ओटीपी आईच्या फोनवर असं पुढेही चालू राहतं. वारसनोंदही पुन्हा पाहावी.

मुदतठेव ठेवतानाच ही तारीख डोळ्यांपुढे असावी. मुलगी पंधरा वर्षांची असताना पाच वर्षांची ठेव ठेवली, तर ती संपेल तेव्हा मुलगी वीस वर्षांची असेल. पैसे तिच्या सहीने निघतील आणि त्यांचं काय करायचं हे तीच ठरवेल. फीसाठी ते पैसे तुमच्या हाती हवे असतील, तर मुदत अठराव्या वाढदिवसाच्या आत संपणारी निवडा किंवा ठेव स्वतःच्या नावावर ठेवा.