उतारावरील अंतर आणि क्षैतिज अंतर

उतारावरील अंतर म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागाला धरून, चढउतारासह मोजलेले अंतर. आणि क्षैतिज अंतर म्हणजे त्याच दोन ठिकाणांमधील, उंचीतील फरक वगळून सपाट प्रतलावर मोजलेले अंतर. सपाट मैदानात ही दोन्ही अंतरे सारखीच असतात. डोंगरवाटेवर मात्र ती वेगळी होतात. नकाशावर मोजलेले अंतर क्षैतिज असते, तर चालणाऱ्याचे पाय उतारावरून पडत असतात. म्हणून नकाशा दाखवतो त्यापेक्षा प्रत्यक्ष चाल नेहमी थोडी अधिक होते. ही 'थोडी' किती, हे मोजून पाहिले असता उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा लहान येते. आणि डोंगरवाट लांब वाटण्याचे खरे कारण दुसरीकडेच सापडते.

भूमितीय संबंध

काटकोन त्रिकोणात पाया म्हणजे क्षैतिज अंतर, उभी बाजू म्हणजे उंचीतील फरक आणि कर्ण म्हणजे उतारावरील अंतर, असे मानले की पायथागोरसचा सिद्धांत थेट लागू पडतो. क्षैतिज अंतराचा वर्ग आणि उंचीतील फरकाचा वर्ग यांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढले की उतारावरील अंतर मिळते.

या संबंधात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चढ सौम्य असेल तोवर कर्ण पायापेक्षा अगदीच किंचित मोठा असतो. चढाचा कोन ५ अंश असता फरक अर्धा टक्काही नसतो. १० अंशांना तो दीड टक्का, २० अंशांना सुमारे साडेसहा टक्के आणि ३० अंशांना साडेपंधरा टक्के होतो. ४५ अंशांवर तो ४१ टक्क्यांपर्यंत जातो खरा. परंतु तेवढ्या चढावर वाट राहत नाही, हातापायांनी कातळ चढणे सुरू होते. हात न टेकता चालता येईल अशी वाट सलगपणे ३० अंशांची असणेही विरळाच. डोळ्यांना मात्र चढ नेहमी असतो त्याहून उभा दिसतो. पायथ्याशी उभे राहून 'पंचेचाळीस अंशांचा चढ' म्हणून सांगितला जाणारा उतार कोनमापकाने मोजला, तर पुष्कळदा त्याच्या निम्माच भरतो.

सिंहगडाच्या पायवाटेचे उदाहरण

पुण्याजवळील सिंहगडावर आतकरवाडीहून जाणारी पायवाट सर्वपरिचित आहे. तिची लांबी साधारणपणे २.७ किलोमीटर आणि तीत चढावी लागणारी उंची सुमारे ६०० मीटर सांगितली जाते. हे आकडे स्थूल असले तरी हिशेबासाठी पुरेसे आहेत.

२,७०० मीटर हे क्षैतिज अंतर आहे असे धरू. त्याचा वर्ग ७२,९०,००० आणि ६०० चा वर्ग ३,६०,०००. बेरीज ७६,५०,००० होते व तिचे वर्गमूळ सुमारे २,७६६ येते. म्हणजे गडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत, घामाघूम करणाऱ्या या चढावर, उतारामुळे वाढलेले अंतर अवघे ६६ मीटर आहे. टक्केवारीत ते अडीच टक्क्यांहूनही कमी भरते. वाटेचा सरासरी चढ साडेबारा अंशांच्या आसपास असल्यामुळे असे होते.

हा हिशेब मात्र वाट सर्वत्र एकसारखी चढते असे गृहीत धरतो, आणि तशी ती कोठेच नसते. समजा, वाटेचा पहिला निम्मा भाग, म्हणजे १,३५० मीटर, सौम्य असून त्यात १०० मीटरच उंची मिळते आणि उरलेले ५०० मीटर दुसऱ्या निम्म्या भागात चढावे लागतात. दोन्ही भागांचा कर्ण वेगवेगळा काढल्यास पहिला सुमारे १,३५४ मीटर व दुसरा सुमारे १,४४० मीटर येतो. बेरीज २,७९४ मीटर. म्हणजे फरक ६६ वरून ९४ मीटरांवर गेला. सरासरी चढावरून काढलेले उत्तर यामुळे नेहमी किमान असते. वाट जितकी असमान, तितके खरे अंतर त्याहून अधिक. अचूक उत्तर हवे असेल, तर वाटेचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाचा कर्ण स्वतंत्रपणे काढावा आणि मग बेरीज करावी. मध्ये कोठे उतरून पुन्हा चढावे लागत असेल, तर हे आवश्यकच ठरते. कारण पायथा व माथा यांच्या उंचीतील फरकात ती उतरण दिसतच नाही.

वळणांचा परिणाम

नकाशावरील अंतर आणि प्रत्यक्ष चाल यांत मोठी तफावत आढळली, की तिचे खापर सहसा चढावर फोडले जाते. बहुतेक वेळा दोष वळणांचा असतो.

३० अंशांच्या एखाद्या उतारावर १०० मीटर उंची गाठायची आहे असे समजू. नाकासमोर सरळ चढल्यास क्षैतिज अंतर १७३ मीटर व उतारावरील अंतर २०० मीटर पडते. गुरे आणि डोंगरात राहणारी माणसे असे सरळ चढत नाहीत. ती नागमोडी वळणे घेत वाट सौम्य करतात. वाटेचा चढ अशा रीतीने १० अंशांवर आणला, तर तेवढीच उंची गाठण्यास उतारावरून सुमारे ५७६ मीटर चालावे लागते. या नागमोडी वाटेचे क्षैतिज अंतर सुमारे ५६७ मीटर असते. दोहोंतील फरक केवळ ९ मीटरांचा आहे. सरळ रेषेतील १७३ मीटर आणि वळणावळणांचे ५६७ मीटर यांतील फरक मात्र जवळजवळ ३९४ मीटरांचा. वळणे घेतल्याने उताराचा वाटा कमी होतो आणि लांबीचा वाटा वाढतो.

नकाशा येथे आणखी अडचण करतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० या प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर २० मीटरांचे वळण ०.४ मिलिमीटरचे होते. एवढे बारीक वळण रेखाटता येत नाही, म्हणून नकाशाकार दहा वळणांच्या जागी एक गुळगुळीत रेघ काढतो. त्या रेघेवर दोरा ठेवून मोजलेले अंतर वाटेचे खरे क्षैतिज अंतरसुद्धा नसते. अशा कमी पडलेल्या आकड्याला पायथागोरसचा सिद्धांत लावून तो दुरुस्त होत नाही. त्याच नकाशावरील समोच्च रेषा, ज्या तेथे २० मीटर उंचीच्या अंतराने काढलेल्या असतात, मात्र चढाची कल्पना बरी देतात. वाटेने ओलांडलेल्या रेषा मोजल्या की उंची मिळते.

चालणारा कोणते अंतर कापतो?

पावले उतारावर पडतात, म्हणून चालणारा कापतो ते उतारावरील अंतर, आणि तेही प्रत्येक वळणासह. जमिनीवर टाकलेली टेप, ढकलत नेलेले मोजचाक व वाहनातील अंतरमापक हेच अंतर दाखवतात. त्याच चालीत तो नकाशावर जेवढा पुढे सरकतो, ते क्षैतिज अंतर. एक खरे आणि दुसरे खोटे असा हा प्रकार नाही. प्रश्न निरनिराळे आहेत.

पायऱ्यांच्या वाटेवर 'पृष्ठभागाला धरून' या शब्दांचा अर्थ काय करावा, असा प्रश्न उभा राहतो. ३० सेंटिमीटर रुंद आणि १७ सेंटिमीटर उंच पायरी घेतल्यास दगडाच्या कडेकडेने जाणारी मुंगी प्रत्येक पायरीला ४७ सेंटिमीटर चालते. माणसाचे शरीर मात्र पायऱ्यांच्या कडा जोडणाऱ्या तिरक्या रेषेला समांतर वर सरकते. ती रेषा प्रत्येक पायरीला सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर भरते. माणसाच्या चालीसाठी हेच अंतर धरणे योग्य. पावलाहून लहान असलेले खाचखळगे हिशेबात घेऊ लागल्यास अंतर वाढतच जाते, पण चालणाऱ्याशी त्याचा काही संबंध उरत नाही.

मोबाइल व घड्याळातील आकडे

उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ठरवणारी साधने दर काही सेकंदांनी अक्षांश, रेखांश व उंची यांची नोंद करतात. लागोपाठच्या दोन नोंदींमधील अंतर केवळ अक्षांश-रेखांशांवरून काढले, तर बेरीज क्षैतिज येते. उंचीही जमेस धरली, तर ती उतारावरील होते. पुष्कळ साधने व प्रणाली पहिली पद्धत वापरतात. त्याचे एक कारण असे की, या साधनांत उंचीची नोंद स्थानाच्या नोंदीपेक्षा सहसा अधिक चुकते, आणि वरखाली उडणारी उंची जमेस धरल्यास अंतर उगीचच फुगते.

कड्याखाली किंवा दाट झाडीत स्थानाची नोंदही इकडेतिकडे भरकटते. त्यामुळे थांबून पाणी पीत असतानाही काही मीटर 'चालणे' नोंदले जाऊ शकते. उलट नोंदी फार विरळ असल्या, तर वळणांचे कोपरे कापले जातात व अंतर कमी भरते. सिंहगडासारख्या वाटेवर दोघा सोबत्यांच्या घड्याळांत शंभर-दोनशे मीटरांचा फरक दिसला, तर तो उताराचा समजू नये. पूर्ण चढाचा उताराचा वाटाच मुळी तेवढा नाही. पावले मोजणाऱ्या साधनाची अडचण वेगळी आहे. ते पावलांच्या संख्येला ठरावीक लांबीने गुणते. चढावर पाऊल आखूड पडत असल्याने त्याचा आकडा खऱ्या अंतराहून मोठा येतो.

वेळेचा अंदाज

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये डोंगरचालीच्या वेळेचा एक नियम मांडला. दर तीन मैलांना एक तास आणि चढाव्या लागणाऱ्या दर २,००० फुटांना आणखी एक तास, असे त्याचे स्वरूप आहे. दशमान पद्धतीत तो ताशी ५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाला एक तास असा वापरला जातो. सिंहगडाच्या उदाहरणात २.७ किलोमीटरांना सुमारे ३२ मिनिटे व चढाला ६० मिनिटे, मिळून ९२ मिनिटे होतात. येथे क्षैतिज अंतराऐवजी उतारावरील २,७६६ मीटर घेतले, तर वेळ एका मिनिटानेही वाढत नाही. अंतराच्या प्रकाराने जो फरक पडत नाही, तो उंचीने पडतो. त्यामुळे 'गड किती किलोमीटर आहे' या प्रश्नापेक्षा 'किती मीटर चढायचे आहे' हा प्रश्न वाटसरूच्या अधिक उपयोगाचा आहे. विश्रांती, निसरडी वाट व पाठीवरचे ओझे यांचा विचार या नियमात नाही; पावसाळ्यात तो अपुरा पडतो.

जमीनमोजणीतील प्रथा

चालणाऱ्याच्या उलट, भूमापक नेहमी क्षैतिज अंतराचा आग्रह धरतो. जमिनीचे क्षेत्रफळही क्षैतिज प्रतलावर काढले जाते. उतरत्या जमिनीवर साखळी किंवा टेप टाकताना ती लहान तुकड्यांत, आडवी ताणून धरतात आणि अधांतरी राहिलेल्या टोकापासून ओळंबा सोडून खालचा बिंदू निश्चित करतात. मोजणी उताराच्या वरून खाली करणे सोयीचे असते, कारण मागचे टोक जमिनीवर पक्के टेकवता येते. तसे करणे शक्य नसल्यास उतारावरच मोजून नंतर वजावट करतात. उंचीतील फरकाच्या वर्गाला उतारावरील अंतराच्या दुपटीने भागले की वजा करावयाची रक्कम जवळपास मिळते. ३० मीटर टेपच्या दोन टोकांच्या उंचीत ३ मीटर फरक असेल, तर ही वजावट १५ सेंटिमीटर येते. शेताच्या बांधावर एवढा फरक वादाला पुरेसा असतो. उतार तीव्र होत गेला की हे सोपे सूत्र कमी पडते आणि मूळ वर्गमुळाकडे वळावे लागते.