जुन्या दुकानदाराजवळ सवलत कशी मागावी

वारूळवाडीच्या टोमॅटो बागाईतदारास खते-औषधे उधारीवर मिळतात. पैसा मात्र लागणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी, तोडा नारायणगावच्या बाजारात गेल्यावर येतो. म्हणून सवलत लागणीपूर्वीच, मागील बाकी चुकती करून मागावी. युरियाची किंमत सरकारने बांधलेली असल्यामुळे तीत सूट मागणे व्यर्थ होय. विद्राव्य खते व औषधे यांत दुकानदारास वाव असतो. समजा, ४०,००० रुपयांच्या मालावर रोखीस ५ टक्के, म्हणजे २,००० रुपये सूट मिळते. उरलेले ३८,००० रुपये दरमहा १ टक्क्याने तीन महिने कर्जाऊ काढल्यास व्याज १,१४० रुपये पडते. अर्थात् रोखीच बरी. कर्ज मिळत नसेल तर सूट सोडून तोड्यापर्यंत मुदत मागावी. दोन्ही एकदम मागू नयेत, कारण दुकानदारासही कंपनीचे देणे असते. भाव पडून मुदत टळणार असे दिसल्यास त्यास आधीच कळवावे, असे आम्ही सुचवितो.