गोदामातील पायवाट आणि फोर्कलिफ्टची वाट

भिवंडीसारख्या ठिकाणच्या मोठ्या गोदामांत माथाडी कामगार, कारकून, ट्रकचालक आणि फोर्कलिफ्ट एकाच फरशीवर वावरतात. दोन टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट रिकामी असतानाही तीन टनांहून अधिक वजनाची असते. तिची मागील चाके वळतात, त्यामुळे वळणावर तिचा मागचा भाग बाहेरच्या बाजूस फिरतो व शेजारून चालणारा त्याच्या कक्षेत सापडतो. पुढे उंच माल असल्यास चालकाला समोरचे दिसत नाही. ताशी १० किलोमीटर वेगाने जाणारे यंत्र, चालकाने धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात, सुमारे तीन मीटर पुढे गेलेले असते. फरशीवर रंगविलेला पिवळा पट्टा त्याला अडवू शकत नाही.

म्हणून वाहतुकीची आखणी रंगापासून नव्हे, तर नकाशापासून सुरू करावयास हवी. एक दिवस निरीक्षण करून माणसे कोठून कोठे व कशासाठी जातात, हे नकाशावर एका रंगाने आणि यंत्रांचे मार्ग दुसऱ्या रंगाने दाखवावेत. या दोन रेषा जेथे छेदतात, तीच धोक्याची ठिकाणे होत.

उदाहरणादाखल, एका गोदामात ४० कामगार आहेत आणि पाण्याचा नळ व शौचालय यंत्रमार्गाच्या पलीकडे आहेत, असे समजू. प्रत्येक कामगार दिवसातून चार वेळा पाण्यासाठी व दोन वेळा शौचालयासाठी गेला, तर जाता-येता मिळून यंत्रमार्ग ४८० वेळा ओलांडला जातो. केवळ पिण्याच्या पाण्याची सोय अलीकडे आणली, तरी हा आकडा १६० वर येतो. कामगाराला सावधगिरीच्या सूचना देण्यापूर्वी त्याचे ओलांडण्याचे कारणच दूर करणे श्रेयस्कर होय.

उरलेल्या ये-जा करण्यासाठी किमान एक मीटर रुंदीची पायवाट ठेवून तिला जमिनीत पक्के रोवलेले लोखंडी कठडे लावावेत. यंत्रांच्या शटरमधून माणसांनी जाऊ नये, म्हणून शेजारी स्वतंत्र लहान दरवाजा असावा. ओलांडण्याची जागा एकच ठेवावी. तेथे पायवाटेच्या बाजूस उघडणारे फाटक असावे, म्हणजे पादचाऱ्याला थांबणे भाग पडते. कोपऱ्यावरील मालाची थप्पी कमी उंचीची ठेवल्यास दोघांनाही एकमेक दिसतात.

ट्रक भरण्याच्या धक्क्यावर मात्र कठडा घालता येत नाही. तेथे जागेऐवजी वेळ विभागावी लागते. यंत्र ट्रकमध्ये असेपर्यंत कामगारांनी ठरलेल्या जागी थांबावे व ते बाहेर पडल्यावरच आत जावे.

आखणी मोडू लागल्याची चिन्हे फरशीवरच दिसतात. पायवाटेवर रचलेली खोकी, तिच्यावर उमटलेले टायरचे डाग, दोरीने बांधून कायम उघडे ठेवलेले फाटक आणि चेपलेले कठडे आढळल्यास नकाशा पुन्हा तपासावा. बहुधा जागा अपुरी पडलेली असते, अथवा पायवाट माणसांच्या कामाच्या वाटेपासून दूर गेलेली असते.