एकशे ऐंशी व्याख्याने आणि रोजचा कोटा

समजा, एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाकडे त्याच्या व्याख्यानमालेची १८० चित्रमुद्रणे आहेत. प्रत्येक दीड तासाचे, सरासरी दोन जीबीचे. ती यूट्यूबवर टाकायची असे कार्यकारिणीत ठरते. ब्राउझर उघडून एकेक फाइल चढवणे कोणालाही जमते, पण शीर्षक, वर्णन, वक्त्याचे नाव, तारीख हे सगळे १८० वेळा हाताने भरायचे म्हटले की उत्साही कार्यकर्ताही आठवड्याभरात थकतो. वक्त्यांची नावे आणि विषय एखाद्या एक्सेलमध्ये आधीच असतील, तर तीच यादी वाचून एका प्रोग्रामने हे काम करणे शहाणपणाचे. त्यासाठी गूगलने यूट्यूब डेटा एपीआय नावाचा अधिकृत दरवाजा ठेवला आहे.

दरवाजातून आत जायची परवानगी वाचनालयाच्या खात्यातून द्यावी लागते. गूगल क्लाउडमध्ये एक प्रोजेक्ट उघडायचा, त्यात एपीआय चालू करायचा, आणि चॅनेलच्या मालकाने एकदा ब्राउझरमध्ये ‘हो, या प्रोग्रामला माझ्या चॅनेलवर व्हिडिओ टाकू दे’ असे सांगायचे. त्या बदल्यात प्रोग्रामला एक टोकन मिळते आणि पुढे पासवर्डची गरज उरत नाही. इथे पहिला खड्डा आहे. प्रोजेक्टची संमतीची पाटी ‘Testing’ अवस्थेत ठेवली, तर हे टोकन सात दिवसांनी मरते. पहिला आठवडा सगळे सुरळीत चालते आणि मग एके दिवशी पडद्यावर `invalid_grant` उमटते. काम महिनाभर चालणार असेल, तर ती अवस्था आधीच बदलून घ्यावी.

महिनाभर का, तर कोट्यामुळे. प्रत्येक प्रोजेक्टला रोज ठराविक एकके मिळतात. नेहमीचा आकडा १०,००० आहे. एपीआयला केलेल्या प्रत्येक विनंतीची किंमत या एककांत मोजली जाते. एखाद्या व्हिडिओची माहिती वाचायला एक एकक लागते, लघुचित्र लावायला ५०, प्लेलिस्टमध्ये व्हिडिओ घालायला ५०. नवा व्हिडिओ चढवण्याच्या विनंतीचे नाव `videos.insert`, आणि तिचा दर अनेक वर्षे १६०० होता. हे दर गूगल बदलते, म्हणून सुरुवात करताना तिच्या संकेतस्थळावरचा कोट्याचा तक्ता उघडून बघावा आणि आकडा प्रोग्राममध्ये खोल पुरून न ठेवता वरच, सहज बदलता येईल असा ठेवावा.

१६०० धरून हिशेब केला तर दिवसाला सहा व्हिडिओ बसतात. ९६०० एकके जातात, ४०० उरतात. म्हणजे १८० व्याख्याने ३० दिवसांत. पण प्रत्येक व्हिडिओला लगेच लघुचित्रही लावायचे आणि प्लेलिस्टमध्येही घालायचे म्हटले, की एकाचा खर्च १७०० होतो आणि सहावा व्हिडिओ बसत नाही. ३० चे ३६ दिवस झाले. प्लेलिस्टचे काम शेवटी यूट्यूबच्या स्टुडिओत बसून एकदम केले, तर त्याला एपीआयचा एकही कण लागत नाही. मी असतो तर लघुचित्रे आणि प्लेलिस्ट दोन्ही शेवटाला ठेवली असती. दर १०० झाला, तर मात्र हे सगळे गणित उलटते. लघुचित्र आणि प्लेलिस्टसकट एका व्याख्यानाला २०० एकके पुरतात, दिवसाला ५० जातात, आणि मग आपल्याला अडवतो तो इंटरनेटचा वेग, नाहीतर चॅनेलची स्वतःची मर्यादा.

ही दुसरी मर्यादा वेगळी, हे लक्षात ठेवावे. प्रोजेक्टचा कोटा संपला की उत्तर येते `quotaExceeded`. चॅनेलवरून खूपच व्हिडिओ गेले, तर येते `uploadLimitExceeded`, आणि तेव्हा प्रोजेक्टचा कोटा भरपूर शिल्लक असला तरी काही उपयोग नसतो. दोन्हींवर उपाय एकच, थांबणे. नवखे प्रोग्राम इथे वेड्यासारखे पुन्हापुन्हा विनंती करत राहतात. चुकलेल्या विनंतीलाही किमान एक एकक पडते, त्यामुळे त्यातून हाती काही लागत नाही.

थांबायचे कधीपर्यंत? कोटा नव्याने भरतो तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री. आपल्याकडे तेव्हा दुपार असते, हिवाळ्यात दीड आणि तिकडचे उन्हाळी वेळापत्रक चालू असताना साडेबारा. मार्च ते नोव्हेंबर साडेबारा धरून ठेवलेला प्रोग्राम नोव्हेंबरात एक तास आधीच जागा होतो, आदल्या दिवशीचा कोटा संपलेला असतो, आणि पहिल्याच फाइलला नकार मिळतो. रोज पावणेदोनला सुरू करावे, म्हणजे वर्षभर बघायला नको. एका प्रोजेक्टचा कोटा पुरत नाही म्हणून चार प्रोजेक्ट उघडायची युक्ती अनेकांना सुचते. ती यूट्यूबच्या नियमांत सरळ निषिद्ध आहे. जास्त कोटा हवा असेल, तर त्यासाठी अर्ज आहे.

आता प्रत्यक्ष फाइल पाठवण्याकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथे लागते. वाचनालयाच्या जोडणीचा वर पाठवण्याचा वेग पाच एमबीपीएस धरला, तर दोन जीबीच्या फाइलला जवळजवळ तास लागतो. या तासात वीज जाणे, राउटर अडखळणे, कोणीतरी संगणक बंद करणे, यातले काहीही होऊ शकते. एका दमात पाठवायचे ठरवले, तर पन्नासाव्या मिनिटाला तुटलेली फाइल पुन्हा शून्यापासून जाते आणि त्यासाठी नवी `videos.insert`, म्हणजे कोट्यावर नवा बोजा.

म्हणून यूट्यूबने पाठवण्याचे दोन टप्पे केले आहेत. आधी प्रोग्राम फक्त शीर्षक, वर्णन आणि फाइल किती बाइटची आहे एवढेच कळवतो. उत्तरात `Location` या नावाखाली एक लांबलचक पत्ता येतो. तो या एकाच फाइलच्या सत्राचा पत्ता. मग फाइलचे तुकडे करून त्या पत्त्यावर एकामागून एक पाठवायचे. तुकड्याचा आकार २,६२,१४४ बाइटच्या पटीत हवा, शेवटचा तुकडा सोडून. ८३,८८,६०८ बाइट, म्हणजे आठ एमबी, हा आकार सोयीचा पडतो. फार लहान तुकडे केले की दर वेळी येण्याजाण्यात वेळ जातो, फार मोठे केले की तुटल्यावर जास्त वाया जाते.

आता समजा, आपली फाइल २,१४,७४,८३,६४८ बाइटची आहे आणि चाळिसाव्या मिनिटाला वीज गेली. वीज आल्यावर प्रोग्रामला वाटेल की आपले १७७ तुकडे गेले. त्याच्या वाटण्यावर जाऊ नये. शेवटचा तुकडा तारेत अर्धा असताना तुटलेला असू शकतो. सर्व्हरला विचारायचे, रिकामी विनंती पाठवून:

```
PUT <सत्राचा पत्ता>
Content-Length: 0
Content-Range: bytes */2147483648
```

उत्तर येते:

```
308 Resume Incomplete
Range: bytes=0-1476395007
```

बाइट शून्यापासून मोजले जातात, म्हणून सर्व्हरकडे १,४७,६३,९५,००८ बाइट पोचले आहेत. आठ एमबीचे बरोबर १७६ तुकडे. पुढचा तुकडा `Content-Range: bytes 1476395008-1484783615/2147483648` असे लिहून पाठवायचा. उरलेले काम अठरा मिनिटांचे. `308` आले पण `Range` ची ओळच नसली, तर सर्व्हरकडे एकही बाइट पोचलेला नाही. `404` आले, तर सत्र संपले, नव्याने सुरुवात करण्यावाचून इलाज नाही. `500`, `502`, `503`, `504` हे सर्व्हरच्या बाजूचे तात्पुरते दुखणे. एक सेकंद थांबून बघावे, मग दोन, मग चार, असे अंतर वाढवत जावे.

एक प्रकार विशेष फसवा आहे. शेवटचा तुकडा पोचला, यूट्यूबने व्हिडिओ नोंदवला, पण ‘पोचला’ हे उत्तर परत येताना जोडणी तुटली. प्रोग्रामच्या दृष्टीने अपलोड अपुरे. त्याने नवे सत्र उघडले, तर तेच व्याख्यान दुसऱ्यांदा चढते. वरची रिकामी विनंती पाठवली असती, तर `308` ऐवजी थेट व्हिडिओची माहिती, त्याच्या क्रमांकासह, मिळाली असती.

हे सगळे जमते ते सत्राचा पत्ता हाती असला तरच. गूगलची पायथन लायब्ररी तुकडे करण्याचे काम स्वतः करते, `next_chunk()` म्हणत राहिले की झाले, आणि बहुतेक उदाहरणे तिथेच संपतात. पण त्यात पत्ता राहतो फक्त संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत. वीज गेली की तोही गेला. म्हणून सत्र उघडताक्षणी, पहिला तुकडा पाठवायच्याही आधी, पत्ता डिस्कवर लिहायचा. किराणा दुकानातल्या खतावणीसारखी एक साधी नोंदवही पुरते. प्रत्येक फाइलपुढे तिची अवस्था, सत्राचा पत्ता, आणि पूर्ण झाल्यावर व्हिडिओचा क्रमांक. प्रोग्राम रोज सुरू होताना आधी अर्धवट राहिलेले सत्र पुरे करतो, मगच नवी फाइल उघडतो.

मराठी मजकुराची एक अडचण इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा आढळत नाही. व्हिडिओच्या वर्णनाची मर्यादा ५००० बाइट आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटचे, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, आणि काना, मात्रा, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘व्याख्यान’ हा एक शब्द २७ बाइट खातो. म्हणजे वक्त्याचा परिचय सोळाशे-साडेसोळाशे चिन्हांपलीकडे गेला, की वर्णन चुकीचे म्हणून विनंती परत येते. वर्णनात `<` किंवा `>` ही चिन्हेही चालत नाहीत. पाठवण्याआधीच प्रोग्रामने बाइट मोजून घ्यावेत.

शेवटची गोष्ट खरे तर सर्वांत आधी करायची आहे. २८ जुलै २०२० नंतर उघडलेल्या आणि गूगलने तपासून मंजूर न केलेल्या प्रोजेक्टमधून चढवलेले व्हिडिओ खासगी म्हणून कुलूपबंद होतात. प्रोग्रामने सार्वजनिक मागितले तरी होतात, आणि चॅनेलच्या मालकाला ते स्टुडिओतूनही उघडता येत नाहीत. त्यांना पुन्हा चढवावे लागते. तेव्हा प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्याआधी तपासणीचा अर्ज भरा, आणि मंजुरी मिळेपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या एखाद्या चाचणी-व्हिडिओपलीकडे काही पाठवू नका.